दोन एक्स्चेंजवर बिटकॉइनचे दोन भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला मी लोकांचे हिशेब आणि आयकराचे रिटर्न भरायचे काम करतो. गेल्या तीन-चार वर्षांत क्रिप्टोचे स्टेटमेंट घेऊन येणारी मुले वाढली आहेत. डिचोली, साखळी, म्हापसा, कुठूनही येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "इथे स्वस्त दिसतंय, तिथे महाग दिसतंय, मग इथे घेऊन तिथे विकलं तर काय बिघडलं?" त्यांना तोंडी सांगत आलो ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे. उदाहरणातले भाव हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत. आजचा भाव वेगळा असेल, हिशेबाची रीत बदलत नाही.

एकाच बिटकॉइनचे दोन ठिकाणी दोन भाव असतातच कसे?

कारण बिटकॉइनला एक बाजार नाही. प्रत्येक एक्स्चेंज हा वेगळा बाजार आहे, त्याचे गिऱ्हाईक वेगळे आणि विकणारेही वेगळे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळाचा भाव एक असतो, वाळपईला दुसरा. दोन्हीकडे नारळ तोच. नारळ उचलून नेणारा कोणी असला की भाव जवळ येतात, पण अगदी सारखे कधीच होत नाहीत. टेम्पोचे भाडे आणि वाटेतला वेळ यांच्याएवढा फरक उरतोच.

क्रिप्टोचेही असेच आहे. फक्त टेम्पोचे भाडे डोळ्यांना दिसते, इथले भाडे चार-पाच ठिकाणी विखुरलेले असते. म्हणून ते कोणी मोजत नाही.

माझ्या ॲपवर ६० लाख आणि मित्राच्या ॲपवर ६० लाख ९० हजार दिसतो. म्हणजे दीड टक्का नफा झालाच ना?

आधी तो आकडा कशाचा आहे ते बघा. ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो सौदा होऊन गेला. त्या भावाला तुम्हाला कोणी विकायला बसलेले नाही. तुम्हाला मिळणारा भाव ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे घेणाऱ्या आणि विकणाऱ्यांनी लावलेल्या भावांच्या यादीत असतो.

एक उदाहरण जवळून बघू. पहिल्या एक्स्चेंजवर शेवटचा सौदा ६०,००,००० ला झाला. तुम्हाला दोन लाखांचे बिटकॉइन घ्यायचे आहेत. ऑर्डर बुक उघडले तर विकणाऱ्यांची रांग अशी: ६०,१०,००० ला ०.००४ बिटकॉइन, ६०,१४,००० ला ०.०१, आणि पुढचा मोठा विक्रेता ६०,२१,७०० ला. तुमची ऑर्डर पहिल्या दोघांना संपवते आणि उरलेले तिसऱ्याकडून घेते. सरासरी पडते साधारण ६०,१८,०००. म्हणजे 'मार्केट' बटण दाबल्या क्षणी तुम्ही ०.३ टक्के वर गेलात.

दुसऱ्या टोकालाही हेच होते, उलट्या दिशेने. तिथे ६०,९०,००० दिसत असला तरी घेणाऱ्यांची रांग खाली असते. आपण सरासरी ६०,७०,००० धरू. आता ९० हजारांचा फरक ५२ हजारांवर आला, आणि अजून कोणी एक पैसाही फी घेतलेली नाही.

भारतातल्या रुपयाच्या ऑर्डर बुकात, त्यातही कमी उलाढालीच्या एक्स्चेंजवर, ही रांग फार विरळ असते. म्हणूनच तिथला 'शेवटचा भाव' बाकीच्यांपासून दूर दिसतो. कोणीतरी पाच हजारांचा एक सौदा केला आणि आकडा उडाला, एवढेच झालेले असते.

मग दोन लाखांचा पूरा हिशेब मांडून दाखवा.

मांडतो. दोन्ही एक्स्चेंजची ट्रेडिंग फी ०.२ टक्के धरली आहे आणि फीवर १८ टक्के जीएसटी. बिटकॉइन बाहेर काढायची फी ०.०००३ बिटकॉइन धरली आहे. तुमच्या एक्स्चेंजवरचे दर फीच्या पानावर मिळतील, ते इथे घालून बघा.

पहिल्या एक्स्चेंजवर २,००,००० रुपयांची खरेदी. फी ४००, जीएसटी ७२. खिशातून गेले २,००,४७२. हातात आले ०.०३३२३३६ बिटकॉइन.

ते दुसरीकडे पाठवताना ०.०००३ कापले गेले. आकडा बारीक दिसतो, पण रुपयांत तो १,८०५ आहे. दोन लाखांवर हा जवळजवळ एक टक्का झाला. पलीकडे पोचले ०.०३२९३३६.

नाणे वाटेत असताना भाव जराही हलला नाही असे समजू. दुसऱ्या एक्स्चेंजवर सरासरी ६०,७०,००० ला विकले, आले १,९९,९०७. फी आणि जीएसटी मिळून ४७२ गेले. विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला, तो १,९९९. बँकेत पाठवण्यासाठी उरले १,९७,४३६.

निघताना २,००,४७२ होते. म्हणजे ३,०३६ कमी. त्यातला टीडीएस पुढे परत मिळवता येतो, तो बाजूला ठेवला तरी खरा तोटा १,०३७ रुपयांचा. आणि स्क्रीनवर दिसत होता तीन हजारांचा नफा.

हे लक्षात घ्या की या हिशेबात काहीही बिनसलेले नाही. भाव पडला नाही, नेटवर्क अडले नाही, चूक झाली नाही. सगळे सुरळीत होऊन हा तोटा आहे.

किती फरक असला तर परवडतो?

वरच्या उदाहरणात दोन वेळची फी अर्धा टक्का, काढायची फी ०.९ टक्का, आणि दोन्हीकडची ऑर्डर बुकची घसरण मिळून ०.६३ टक्क्याच्या आसपास. एकूण दोन टक्के. म्हणजे स्क्रीनवर दोन टक्के फरक दिसला तर तुम्ही जिथून निघालात तिथेच पोचता. भाव हलण्याची जोखीम घेऊन वर काही उरायला हवे असेल तर तीन टक्के तरी हवेत. मोठ्या नाण्यांत एवढा फरक, पैसे आणि नाणी सुरळीत आत-बाहेर होत असलेल्या दोन एक्स्चेंजमध्ये टिकत नाही.

पुष्कळ जण म्हणतात की आधी दहा हजारांवर करून बघू. काढायची फी ठरलेली असते, रकमेवर अवलंबून नसते. दहा हजारांवर १,८०५ म्हणजे अठरा टक्के. दुसऱ्या टोकाला, वीस लाख घेऊन गेलात तर तीच फी नगण्य होते, पण तुमची ऑर्डर विरळ रांगेतून खूप वरपर्यंत जाते आणि सरासरी भाव बिघडतो. लहान रकमेला फी खाते, मोठ्या रकमेला ऑर्डर बुक खाते. मधली सोयीची रक्कम असतेच असे नाही.

बिटकॉइन पोचायला वेळ किती लागतो? ॲपवर तर "काही मिनिटे" लिहिलेले असते.

नेटवर्कचा वेळ हा त्यातला एक तुकडा. त्याच्या आधी आणि नंतर एक्स्चेंजचा स्वतःचा वेळ असतो.

तुम्ही विड्रॉल मागितला की एक्स्चेंज तो लगेच सोडतेच असे नाही. नवा पत्ता असेल, पासवर्ड नुकताच बदलला असेल, रक्कम नेहमीपेक्षा मोठी असेल तर तपासणीत अडकतो. पासवर्ड किंवा टू-फॅक्टर बदलल्यावर २४ तास विड्रॉल बंद ठेवणे ही तर सर्रास पद्धत आहे. आज भरलेल्या रुपयांतून घेतलेले नाणे काही काळ बाहेर काढू न देणारी एक्स्चेंजही आहेत. समोरचे वॉलेट कोणाचे, हेही आता विचारतात.

मग नेटवर्क. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा एक गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो. 'सरासरी' या शब्दावर लोक फसतात. ब्लॉक घड्याळ लावून येत नाहीत, कधी दोन मिनिटांत येतो, कधी पाऊण तास येत नाही. वीसांतून एकदा नुसत्या पुढच्या ब्लॉकसाठी अर्ध्या तासाहून जास्त थांबावे लागते. समोरच्या एक्स्चेंजला तीन कन्फर्मेशन, म्हणजे तीन ब्लॉक, लागत असतील तर सरासरी अर्धा तास, आणि सोळा वेळांतून एकदा तासाच्या वर. हेही तेव्हा, जेव्हा तुमचा व्यवहार पहिल्याच ब्लॉकात बसला.

गर्दी असली तर तो बसत नाही. मे २०२३ मध्ये बिटकॉइनवर BRC-20 टोकनांची लाट आली होती आणि नेटवर्कची फी एकदम चढली. त्या आठवड्यात मी एका एक्स्चेंजवरून दुसरीकडे थोडेसे बिटकॉइन पाठवले होते, हा प्रकार नेमका कसा चालतो ते स्वतः बघायचे होते म्हणून. एक्स्चेंजने माझ्याकडून नेहमीची फी घेतली, पण नेटवर्कला लावली ती गर्दीच्या मानाने कमी. नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणाऱ्या mempool.space या साइटवर व्यवहाराचा क्रमांक टाकून बसलो. संध्याकाळी सहाला Unconfirmed, सातला Unconfirmed, जेवण झाले तरी Unconfirmed. रात्री उशिरा पहिले कन्फर्मेशन दिसले. तोवर दोन्हीकडचे भाव खाली आले होते आणि ज्या फरकासाठी पाठवले तो फरक केव्हाच मिटला होता.

त्यात माझ्या हातात काही नव्हते. फी वाढवून व्यवहार लवकर ब्लॉकात बसवायची सोय बिटकॉइनमध्ये आहे, पण पाठवणारे वॉलेट एक्स्चेंजचे असते, तुमचे नव्हे.

बिटकॉइन एका तासात अर्धा-एक टक्का हलणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणजे तुम्ही दीड टक्क्याच्या फरकामागे निघालात आणि वाटेतच तेवढ्याच मापाचा जुगार पत्करलात. तो कधी तुमच्या बाजूनेही लागेल, पण त्याला दोन भावांतला फरक कमावणे म्हणत नाहीत.

मग एक्सआरपी किंवा TRC20 वरचे यूएसडीटी पाठवले तर? ते तर लगेच पोचते.

पोचते, आणि फीही कमी असते. एक्सआरपी हे वेगळे नाणे, यूएसडीटी हे एका डॉलरच्या भावाला बांधलेले नाणे आणि TRC20 हे ते पाठवायचे एक नेटवर्क. तुमच्या हिशेबातला काढायच्या फीचा मोठा तुकडा त्याने खरेच कमी होतो. पण ही वाट सगळ्यांनाच मोकळी आहे. जे नाणे पाच सेकंदांत पोचते त्याच्या भावातला फरकही तितक्याच लवकर भरून निघतो. हळू पोचणाऱ्या नाण्यात फरक जास्त दिसतो तो याच कारणाने.

बिटकॉइन विकून एक्सआरपी घ्यायचे आणि ते पाठवायचे, असे केलेत तर वाटेत एक सौदा वाढला. नाण्याच्या बदल्यात नाणे हीसुद्धा विक्रीच आहे, तिच्यावर फी लागते, टीडीएस लागतो आणि कराचा हिशेबही लागतो.

घाईत होणाऱ्या चुका या वाटेवर जास्त होतात. एक्सआरपी पाठवताना पत्त्याबरोबर डेस्टिनेशन टॅग लागतो. एक्स्चेंजचा पत्ता सगळ्या गिऱ्हाइकांना एकच असतो, त्यातले तुमचे कुठले हे टॅगवरून कळते. टॅग विसरला तर नाणे पोचते पण तुमच्या खात्यात दिसत नाही, आणि सपोर्टशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करावा लागतो. यूएसडीटीचे नेटवर्क दोन्हीकडे एकच निवडले आहे ना ते बघा. TRC20 चा पत्ता T ने सुरू होतो, तो ओळखता येतो. ERC20 आणि BEP20 या दोन्हींचे पत्ते मात्र 0x ने सुरू होतात, दिसायला सारखेच, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

परदेशी एक्स्चेंजवर भारतापेक्षा चार-पाच टक्के स्वस्त दिसते. तो फरक तर मोठा आहे!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचे उत्तर डॉलरच्या दरात आहे.

समजा बाहेर बिटकॉइन ७०,००० डॉलर आहे. तुम्ही गूगलवर डॉलरचा दर बघितला, ८५ रुपये. गुणाकार केला, ५९,५०,०००. भारतीय एक्स्चेंजवर भाव ६२,००,०००. चार टक्क्यांहून जास्त फरक. पण तो ८५ चा दर बँकेचा आहे, आणि त्या दराने तुम्हाला परदेशी एक्स्चेंजवर पैसे भरता येत नाहीत. क्रिप्टोसाठी डॉलर पाठवायचे म्हटले की बहुतेक बँका नकार देतात. तिथे जायची खरी वाट म्हणजे रुपये देऊन यूएसडीटी घेणे. यूएसडीटीचा रुपयातला भाव बघा: या उदाहरणात समजा ८८.६०. आता ७०,००० गुणिले ८८.६० करा. ६२,०२,०००.

फरक संपला. तो बिटकॉइनमध्ये कधी नव्हताच, तो रुपया आणि यूएसडीटीच्या मध्ये होता. भारतात यूएसडीटी बँकेच्या डॉलरपेक्षा बहुतेक काळ महागच असते, कारण डॉलर सहज बाहेर जाऊ शकत नाहीत आणि यूएसडीटी विकणारा त्याच्यावरचा कर आणि त्रास भावात धरतो. म्हणून तुलना करताना डॉलरचा दर कधीही गूगलवरून घेऊ नका, ज्या ठिकाणी यूएसडीटी घेणार तिथला घ्या.

अशा भिंतीमुळे भाव किती फाटू शकतो हे जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियात दिसले. तिथला बिटकॉइन बाहेरच्यापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त महाग झाला होता. ८ जानेवारीला जगभरचे सरासरी भाव दाखवणाऱ्या कॉइनमार्केटकॅप या साइटने कोरियन एक्स्चेंज आपल्या सरासरीतून काढून टाकली आणि जगभर लोकांना एका दिवसात भाव कोसळल्यासारखे वाटले. इतका मोठा फरक लगेच भरून का निघाला नाही? बाहेरच्या माणसाला कोरियन एक्स्चेंजवर खाते उघडणे कठीण होते आणि कोरियातून पैसा बाहेर नेण्यावर मर्यादा होत्या. नाणे आत नेता येत होते, पैसा बाहेर आणता येत नव्हता.

एखाद्या एक्स्चेंजवर भाव अचानक दहा-वीस टक्के खाली असला तर?

तर आधी त्याचे दरवाजे उघडे आहेत का ते बघा. माझा अनुभव असा की मोठा फरक हा जवळजवळ नेहमी बंद दरवाज्याचा फलक असतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्स या जपानमधल्या एक्स्चेंजने बिटकॉइन बाहेर काढणे थांबवले आणि तिथला भाव बाकी जगाच्या खाली घसरत गेला. आत अडकलेले लोक मिळेल त्या भावाने विकून मोकळे व्हायला बघत होते. महिनाअखेर कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी कोर्टात अर्ज केला. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, पैसे आणि नाणी काढणे थांबले आणि त्याच दिवशी तिथला भाव बाहेरच्यापेक्षा बराच खाली गेला. त्या सुमारास मला फोन आले होते, "आता स्वस्त मिळतंय, घेऊ का?" म्हणून. स्वस्त मिळणारी वस्तू घरी आणता येत नसेल तर ती तुम्ही घेतलेली नसते, रांगेत उभे राहण्याचा हक्क घेतलेला असतो.

तपासायची रीत सोपी आहे. पैसे भरण्याआधी त्या एक्स्चेंजचे डिपॉझिट आणि विड्रॉलचे स्टेटस पान उघडा आणि तुमचे नाणे, तुमचे नेटवर्क शोधा. 'मेंटेनन्स' किंवा 'सस्पेंडेड' लिहिलेले दिसले तर फरकाचे कारण सापडले. लहान, अनोळखी नाण्यांत जो वीस-तीस टक्के फरक दिसतो त्यातला बहुतेक याच खात्यात जातो. आणि काही ॲपवर तर नाणे बाहेर काढायची सोयच नसते. विकून रुपये घ्या, एवढेच. तिथून सुरुवात केलीत तर गाडी निघणारच नाही.

टीडीएस परत मिळतो ना? मग त्याला खर्चात का धरायचे?

एका सौद्यात धरू नका. पण कोणी एकदा करून थांबत नाही, म्हणून त्याचा परिणाम बघायला हवा.

१ जुलै २०२२ पासून क्रिप्टो विकताना विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो. नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर. तेच पैसे तुम्ही पुन्हा पुन्हा फिरवलेत तर दर फेरीला त्यातला एक टक्का सरकारकडे जाऊन बसतो. तीस फेऱ्यांनंतर, बाकी नफा-तोटा शून्य धरला तरी, तुमच्या भांडवलातले २६ टक्के हातात नसतात. अर्ध्या टक्क्यावर धंदा करणाऱ्याला एक टक्का अडकवून ठेवणे म्हणजे दोन फेऱ्यांची कमाई देऊन एक फेरी करणे. परतावा रिटर्न भरल्यानंतर येतो, म्हणजे एप्रिलमध्ये कापलेले पैसे पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात किंवा त्यानंतर.

आणि ३० टक्के कर? तोटा झाला तर कर नाहीच ना?

हे मी प्रत्येकाला समोर बसवून समजावतो, कारण इथे खिशाचा हिशेब आणि कराचा हिशेब वेगळे होतात.

क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. नफा काढताना फक्त नाण्याची खरेदी किंमत वजा करता येते, बाकी कुठलाही खर्च नाही. आता आपल्याच उदाहरणाकडे परत या. तुम्ही विकले ०.०३२९३३६ बिटकॉइन. त्यांची खरेदी किंमत ६०,१८,००० च्या भावाने १,९८,१९४. विक्री १,९९,९०७. कायद्याचा शब्द काटेकोर धरला तर कागदावर १,७१३ रुपये नफा झाला. त्यावर कर ५३४. खिशात तुमचा १,०३७ चा तोटा आहे, कारण काढायची फी आणि ट्रेडिंग फी खर्चात धरता येत नाही. ५३४ भरल्यावर तो १,५७१ होतो.

शिवाय एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. वीस फेऱ्यांत दहा नफ्याच्या आणि दहा तोट्याच्या झाल्या, बेरीज शून्य, तरी नफ्याच्या दहांवर कर आहेच. तुमच्या स्टेटमेंटनुसार नेमके किती ते तुमच्या सीएकडून काढून घ्या, पण फेऱ्या सुरू करण्याआधी घ्या, जुलैमध्ये नव्हे.

मग हा धंदा करणारे मोठे लोक कमावतात कसे?

ते नाणे पाठवतच नाहीत. त्यांचे दोन्ही एक्स्चेंजवर आधीच रुपयेही असतात आणि नाणीही. फरक दिसला की त्याच सेकंदाला इथे घेतात, तिथे विकतात. दोन्ही सौदे प्रोग्रॅमने होतात, वाटेत काही नसतेच. दिवसाअखेर किंवा आठवड्याने एकदाच मोठी रक्कम हलवून दोन्ही बाजू पुन्हा सारख्या करतात, म्हणजे काढायची फी पन्नास सौद्यांवर वाटली जाते. उलाढाल मोठी असल्याने ट्रेडिंग फीही त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ कमी पडते.

बांद्याचा माणूस कामासाठी रोज पेडण्याला येत असेल तर गोव्यातले स्वस्त पेट्रोल पत्रादेवीला भरून जातो, त्याला ते फुकटात परवडते. सावंतवाडीहून टाकी भरायलाच मुद्दाम येणाऱ्याचे पेट्रोल येण्याजाण्यातच जळते. मोठे लोक आधीच पेडण्यात आहेत. तुम्ही सावंतवाडीहून निघता आहात.

त्यांच्या पद्धतीचीही किंमत आहे: भांडवल दुप्पट अडकते आणि ते कायम एक्स्चेंजच्या ताब्यात पडून असते. एखादे बंद पडले तर निम्मे तिथेच राहते. आणि स्क्रीनवर जो फरक तुम्हाला दिसतो तो त्यांनी आपले काम करून सोडलेला असतो. परवडला असता तर त्यांनी तो तुमच्यासाठी ठेवला नसता.

टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, त्यांचा बॉट हेच काम करतो म्हणतात. रोज दोन टक्के.

वरचा हिशेब त्यांना विचारा: कुठल्या दोन एक्स्चेंजवर, कुठले नाणे, काढायची फी किती, टीडीएस कोण भरतो. उत्तर येणार नाही. अशा ठिकाणी एक एक्स्चेंज खरे असते आणि दुसरे त्यांनीच बनवलेले. तिथे भाव त्यांना हवा तो दाखवतात, तुमचे नाणे तिथे पोचते, विकलेही जाते, शिल्लक वाढलेली दिसते. काढायला गेलात की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत बँकेत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

पीटूपीवर यूएसडीटी चढ्या भावाने विकले तर? तिथे फी नाही म्हणतात.

पीटूपी म्हणजे माणसाने माणसाला थेट विकणे. फी नसते, पण पैसे अनोळखी माणसाच्या खात्यातून तुमच्या खात्यात येतात. ते पैसे कुठल्या फसवणुकीतले असले तर तक्रारीची साखळी तुमच्यापर्यंत येते आणि बँक खाते गोठवते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने ४० हजारांचे यूएसडीटी विकले होते. बाजारभावापेक्षा त्याला हजारभर रुपये जास्त मिळाले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून त्याचे पगाराचे खाते बंद झाले. एटीएम चालेना, भाडे देता येईना. सौद्याचा स्क्रीनशॉट, समोरच्याचे नाव, यूएसडीटी पाठवल्याचा क्रमांक, सगळे आम्ही जमवून ईमेलने पाठवले. खाते सुटायला चार महिने लागले.

म्हणून पीटूपी करायचेच असेल तर पगाराचे किंवा दुकानाचे खाते त्याला जोडू नका, पैसे पाठवणाऱ्याचे बँकेतले नाव आणि एक्स्चेंजवरचे नाव अक्षराला अक्षर जुळल्याशिवाय यूएसडीटी सोडू नका, आणि चॅट डिलीट करू नका. पीटूपीच्या विक्रीवरही टीडीएसचा नियम लागू आहे, हेही राहून जाते.

मी अशा फेऱ्या करून बसलो आहे. आता रिटर्नसाठी काय काय आणू?

दोन्ही एक्स्चेंजची पूर्ण वर्षाची ट्रेड हिस्टरी, नुसती नफ्याची समरी नको. डिपॉझिट आणि विड्रॉलची वेगळी फाईल, म्हणजे पाठवलेले नाणे आणि पोचलेले नाणे यांची जोडी लावता येते. ही जोडी लागली नाही तर दुसऱ्या एक्स्चेंजवर विकलेल्या नाण्याची खरेदी किंमत दाखवता येत नाही आणि पूर्ण विक्रीच नफा ठरण्याची भीती असते. आयकर पोर्टलवरून AIS, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचे माहितीपत्रक, उतरवून आणा, एक्स्चेंजने कापलेला टीडीएस त्यात दिसतो का ते पडताळू. दिसत नसेल तर आधी एक्स्चेंजला ईमेल करावा लागेल, त्याला आठ-पंधरा दिवस जातात, तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.